डेली, मंथली आणि मधली डबी

चष्म्याच्या दुकानात कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायला गेलं की 'डेली हव्यात की मंथली?' असं विचारलं जातं, आणि तिथून पुढचं सगळं बोलणं पैशांवर जातं. डेली महाग पडतात, मंथली परवडतात, एवढ्यावर बहुतेकांचा निर्णय होतो. लेन्सकडे पाहून तसा फार फरक कळतही नाही. दोन्ही साधारण चौदा मिलिमीटर रुंदीच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या. डेली थोड्या पातळ आणि नाजूक असतात, कारण त्यांना एकच दिवस टिकायचं असतं. खरा फरक रात्री पडतो. डेली लेन्स काढली की कचऱ्यात जाते. मंथली लेन्स डबीत जाते, सकाळी परत डोळ्यात, रात्री परत डबीत, असं महिनाभर चालतं. डोळ्याला होणाऱ्या गंभीर संसर्गांची गोष्ट बरीचशी या डबीची, तिच्यातल्या सोल्युशनची आणि तिला लागणाऱ्या पाण्याची गोष्ट आहे.

आधी लेन्स कुठे बसते ते पाहू. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात. त्या असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे कॉर्नियाला लागणारा प्राणवायू रक्तातून न येता मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून येतो. लेन्स म्हणजे या वाटेवर ठेवलेलं झाकण. १९९९ च्या सुमाराला आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्समधून प्राणवायू आधीच्या लेन्सपेक्षा पुष्कळ जास्त आत जातो, म्हणून दिवसभर वापरूनही डोळा लाल होण्याचं प्रमाण कमी झालं. पण अश्रूंचं दुसरंही एक काम असतं. पापणी मिटली-उघडली की ते जंतू धुऊन नेतात, आणि त्यांच्यात जंतू मारणारी प्रथिनं असतात. मऊ लेन्सच्या खाली अश्रूंची अदलाबदल फारच कमी होते. त्यामुळे लेन्सला चिकटून एखादा जंतू आत आला, तर तो कॉर्नियाला टेकून तासन् तास तिथेच राहतो. निरोगी कॉर्नियाचा वरचा थर अखंड असेल तर बहुतेक जंतूंचं काही चालत नाही. प्राणवायूच्या कमतरतेनं किंवा नखाच्या ओरखड्यानं तो थर कुठे उसवला, की वाट मिळते.

आता डबीकडे येऊ. रात्री दहाला दमून आलेला माणूस काय करतो? डबी उघडतो. तिच्यात सकाळचं सोल्युशन तसंच असतं. दिसायला स्वच्छच असतं, मग ते कशाला फेकायचं, म्हणून वर चार थेंब नवीन घालतो आणि लेन्स सोडतो. या एका सवयीनं काय होऊ शकतं, हे २००६ साली जगानं पाहिलं. त्या वर्षी अमेरिकेत, आणि त्याआधी सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये, लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युजेरियम नावाची बुरशी सापडू लागली. एरवी ही बुरशी शेतात, पाल्यापाचोळ्यात असते. उसाच्या किंवा भाताच्या पात्याचा फटका डोळ्याला लागलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यात ती सापडणं आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांना नवीन नाही. शहरातल्या लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत ती एवढ्या प्रमाणात येणं मात्र अजब होतं. अमेरिकेत १६४ रुग्णांची खातरजमा झाली. त्यांतल्या जवळजवळ तिघांपैकी एकावर कॉर्निया बदलण्याची वेळ आली. बहुतेकांनी 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' हे एकच सोल्युशन वापरलेलं निघालं आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात ते जगभरातून मागे घेतलं गेलं.

यातली शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. न उघडलेल्या बाटल्यांत बुरशी सापडली नाही. कारखान्यातून सोल्युशन स्वच्छच निघत होतं. ते डबीत पडून राहिलं, त्यातलं पाणी उडालं, जुन्यावर नवीन घातलं गेलं, की त्याची जंतू मारण्याची ताकद उतरत होती. सोल्युशनमधलं औषध प्रत्येक रात्री थोडं लेन्समध्ये मुरतं आणि थोडं जंतूंवर खर्च होतं. सकाळी डबीत जे उरतं ते वापरून झालेलं सोल्युशन असतं, डोळ्यांना कितीही नितळ दिसलं तरी. त्यात वर घातलेले चार थेंब नवीन राहत नाहीत, तेही पातळ होतात. म्हणून सकाळी लेन्स घातल्या की डबी लगेच रिकामी करायची. रात्री आपोआप नवीन भरावं लागतं.

डबीच्या आतल्या भिंतीला हात लावून पाहिलं आणि ती बुळबुळीत लागली, तर समजायचं की जंतूंनी तिथे थर धरलाय. हा थर चिकट असतो, त्याच्या आतले जंतू सोल्युशनलाही सहज दाद देत नाहीत. नुसतं सोल्युशन ओतून तो जात नाही. डबी ताज्या सोल्युशननं धुऊन, स्वच्छ बोटानं आतून चोळून, टिश्यूनं पुसून, झाकणं काढून उपडी घालून ती कोरडी होऊ द्यावी लागते. कोरडेपणा हा या थराचा शत्रू. आणि म्हणूनच आपल्याकडच्या पावसाळ्यात बाथरूमच्या कपाटावर, झाकण लावून ठेवलेली डबी सगळ्यांत वाईट. जुलैमध्ये तिथला टॉवेल वाळत नाही, तिथे डबी कशी वाळणार? ती खोलीत ठेवावी. आणि कितीही धुतली तरी दर तीन महिन्यांनी फेकावी. नव्या सोल्युशनच्या बाटलीबरोबर बहुधा एक डबी फुकट येतेच, तरी लोक दोन-दोन वर्षं जुनी डबी का जपतात कोण जाणे.

लेन्सचंही तसंच. तळहातावर ठेवून, सोल्युशनचे थेंब घालून, बोटाच्या पेरानं दोन्ही बाजूंनी काही सेकंद चोळायची आणि मग परत सोल्युशननं धुवायची. काही बाटल्यांवर पूर्वी 'चोळायची गरज नाही' असं लिहिलेलं असे. तो सल्ला आता तज्ज्ञ देत नाहीत. अश्रूंमधली प्रथिनं आणि चरबी लेन्सवर बसते, तिच्यावर जंतूंना पाय रोवता येतात आणि चोळण्यानं त्यांतले पुष्कळ निघून जातात. मग लेन्स बाटलीवर लिहिले असतील तितके तास, बऱ्याच सोल्युशनना सहा तास, बुडवून ठेवायची. दुपारी तासभर डुलकी काढताना लेन्स सोल्युशनमध्ये ठेवली म्हणजे ती निर्जंतुक झाली असं नाही. आणि सलाईन म्हणून मिळतं ते मिठाचं पाणी फक्त धुण्यापुरतं, त्यानं जंतू मरत नाहीत.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवलाय, कारण सुशिक्षित घरांतही तो सगळ्यांत दुर्लक्षित आहे. नळाच्या पाण्यात, तळ्यात, मातीत अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती कवच तयार करतो, आणि त्या कवचात क्लोरीनचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर तो निरोगी माणसाला काही करत नाही. पण लेन्सखाली अडकला की कॉर्निया पोखरू लागतो. ब्रिटनमध्ये हा आजार इतर बऱ्याच युरोपीय देशांपेक्षा जास्त दिसतो. त्याचं एक कारण म्हणून संशोधकांनी घरांच्या छपराखालच्या पाण्याच्या टाक्यांकडे बोट दाखवलं आहे. तिथे पाणी साठतं, टाकीच्या भिंतींवर जंतू वाढतात, आणि त्यांच्यावर हा अमीबा पोसला जातो. आपल्याकडे तर गच्चीवर टाकी नसलेली इमारत शोधावी लागेल. घरी फिल्टर आहे, बिसलेरीची बाटली आहे, पाणी उकळून गार केलंय, यानं फरक पडत नाही. लेन्सला आणि डबीला पाणी लागूच द्यायचं नाही, असा साधा नियम आहे. हात साबणानं धुऊन झाल्यावर ते पुसून पूर्ण कोरडे करायचे, मगच लेन्सला हात. अंघोळ लेन्स घालायच्या आधी. पोहायला जाताना लेन्स नकोच. जून-जुलैच्या ट्रेकमध्ये धबधब्याखाली उभं राहताना तर नक्कीच नको.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की मग डेली लेन्स घ्याव्यात, डबीच नको. हे बरोबर आहे, पण अर्धंच. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये अकँथअमीबाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुन्हा वापरायच्या लेन्स घालणाऱ्यांत या आजाराची शक्यता डेलीवाल्यांच्या पावणेचारपट आढळली. डबी आणि पाणी दोन्ही वजा झाल्यावर हे अपेक्षितच होतं. पण जंतुसंसर्गाचे, म्हणजे मुख्यतः जिवाणूंचे, आकडे वेगळंच सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात फक्त दिवसा लेन्स वापरणाऱ्यांत वर्षाला दर दहा हजारांमागे कॉर्नियाच्या संसर्गाचे रुग्ण साध्या मऊ लेन्समध्ये १.९ आणि डेलीत २.० निघाले. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. त्याच सुमाराच्या लंडनच्या अभ्यासात तर डेलीवाल्यांचा धोका जास्तच, साधारण दीडपट दिसला. मात्र त्यांच्यात नजर कायमची जाण्याचं प्रमाण कमी होतं.

याचा अर्थ लावायला हवा. बोटांवरचे, पापण्यांवरचे जंतू डेली लेन्सबरोबरही डोळ्यात जातात. हात न धुता लेन्स घातली तर ती आजच पाकिटातून काढलेली असली काय किंवा महिनाभर जुनी असली काय, सारखंच. पण डबीत राहून माजलेले, पाण्यात वाढणारे जे जंतू असतात, ते जास्त खोल जखम करतात. डेलीमध्ये ते येण्याची वाट बंद होते. म्हणून डेलीनं संसर्ग होणं थांबत नाही, झालेला संसर्ग भीषण होण्याची शक्यता कमी होते. दुकानात हे कुणी असं सांगत नाही, पण लेन्स निवडताना मला तरी हाच मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो.

आणि झोप. त्याच ऑस्ट्रेलियाच्या अभ्यासात लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये हा आकडा दहा हजारांमागे वीस ते पंचवीसवर गेला. म्हणजे डेली की मंथली यापेक्षा रात्री काढली की नाही, हा प्रश्न दसपट मोठा. मुंबईच्या लोकलमधली दीड तासाची डुलकी ही रात्रीच्या झोपेइतकी वाईट नाही, पण तिची सवय करून घेऊ नये. मिटलेल्या पापणीखाली प्राणवायू कमी आणि ऊब जास्त, जंतूंना हेच हवं असतं.

डेलीचा सगळा फायदा एका क्षणात घालवायचा असेल तर ती दुसऱ्या दिवशी वापरावी. आपल्याकडे हे सर्रास चालतं. 'एकदाच तर घातली होती, तीही तीन तास' म्हणून ती रात्री डबीत, नाहीतर सोल्युशन नाही म्हणून पाण्याच्या पेल्यात जाते. वर उल्लेख केलेल्या मूरफील्ड्सच्या अभ्यासात डेली परत वापरणाऱ्यांचा अकँथअमीबाचा धोका ती एकदाच वापरून फेकणाऱ्यांच्या साधारण साडेपाचपट दिसला. ही लेन्स पातळ असते, चोळली तर फाटते, म्हणून धड चोळलीही जात नाही. एकदा काढली की ती फेकायचीच. ज्याला रोज नवी परवडणार नाही त्यानं नीट सांभाळलेली मंथली घेणं हे दोन दिवस वापरलेल्या डेलीपेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

परवडण्याचा हिशेब मात्र बसून करायला हवा, कारण तो दुकानात दिसतो तसा नसतो. समजा, एक मुलगी पुण्यात आयटीत काम करते, एरवी चष्मा लावते, आणि आठवड्यातून दोनदाच, शनिवारी नाचाच्या क्लासला आणि रविवारी बाहेर जाताना, लेन्स घालते. तिच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आहे. डेलीचा ३० चा एक खोका म्हणजे पंधरा जोड्या, तिला साडेसात आठवडे पुरतात. सोल्युशन नको, डबी नको. मंथलीचा सहाचा खोका तीन महिने जातो, पण त्यात मेख आहे. मंथली लेन्सचे ३० दिवस पाकीट उघडल्यापासून मोजायचे, घातलेले दिवस नव्हे. म्हणजे तिची लेन्स महिन्यात आठ-नऊ वेळाच डोळ्यात जाते आणि उरलेले बावीस दिवस डबीत बसते. रविवारी रात्री भरलेलं सोल्युशन शनिवारपर्यंत तसंच राहणार. सोल्युशनची उघडलेली बाटलीही महिनोन्महिने चालत नाही, तिच्यावर लिहिलेल्या मुदतीनंतर उरलेलं फेकावं लागतं. अधूनमधून लेन्स घालणाऱ्यांना म्हणूनच डेली पैशांतही फार महाग पडत नाही, आणि डोळ्याच्या दृष्टीनं तर तीच बरी. रोज बारा तास घालणाऱ्याला मंथली स्वस्त पडते हे खरं. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असले तर डेलीचे दोन खोके एकदम घ्यावे लागतात, ते सुरुवातीला जड जातं, पण टिकतातही दुप्पट.

याच मुलीनं मंथली घेतल्या असं धरू, आणि काय बिघडू शकतं ते पाहू. ऑगस्टमधला शनिवार. आठवडाभर डबीत असलेल्या लेन्स तिनं सकाळी घातल्या. संध्याकाळी उजवा डोळा किंचित खुपायला लागला. धूळ गेली असेल असं वाटलं. रात्री लेन्स काढल्या, तरी खुपणं गेलं नाही. इथेच पहिली खूण आहे. लेन्स उलटी बसली असेल, फाटली असेल, कोरडी पडली असेल, तर ती काढल्यावर डोळ्याला बरं वाटू लागतं. लेन्स काढूनही दुखतंय, किंवा उलट वाढतंय, तर त्रास लेन्सचा नाही, डोळ्याचा आहे.

रविवारी सकाळी डोळा लाल, पाणी वाहतंय, खिडकीतला उजेड सहन होत नाही. घरच्यांनी बघितलं आणि म्हणाले, 'डोळे आलेत, सगळीकडे साथ आहे.' पावसाळ्यात हे साहजिक आहे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ येऊन गेली, त्यामुळे लाल डोळा म्हटलं की आधी आय फ्लूच आठवतो. फरक ओळखता येतो. डोळे येतात तेव्हा बहुधा एकापाठोपाठ दोन्ही येतात, चिकटा जास्त असतो, खुपतं. पण चिकटा पुसला की दिसतं नेहमीसारखं आणि उजेडाचा फार त्रास होत नाही. कॉर्नियाच्या संसर्गात सहसा एकच डोळा, दुखणं ठसठसणारं, उजेड नकोसा आणि नजर धूसर. आरशात बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर मग शंकाच नको. आपल्याकडे याला डोळ्यात फूल पडणं म्हणतात, आणि जुन्या माणसांना ते फूल नजर घेऊन जातं हे माहीत होतं.

लेन्सवाल्यांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा जिवाणू स्युडोमोनस. त्याला ओलावा आवडतो, डबी ही त्याची आवडती जागा, आणि तो कॉर्निया वितळवणारे पदार्थ सोडतो. संध्याकाळी खुपणारा डोळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरा पडू शकतो. म्हणून रविवार आहे, उद्या सकाळी पाहू, हे इथे चालत नाही. अकँथअमीबाची चाल उलटी, सावकाश. आठवडे-आठवडे डोळा लाल राहतो, दिसण्यात फार काही वाईट नसतं, पण दुखणं मात्र लालीच्या मानानं फारच जास्त. बऱ्याचदा सुरुवातीला तो हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा संसर्ग समजला जातो आणि तशी औषधं दिली जातात. लेन्स वापरतो हे डॉक्टरांना आपणहून सांगणं, शिवाय पोहणं, अंघोळ, पाणी लागणं यातलं काही झालं असेल तर तेही सांगणं, यामुळे निदान लवकर होऊ शकतं.

तिनं करू नये असं एक काम म्हणजे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'लाल डोळ्याचं' ड्रॉप आणणं. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा अनेक ड्रॉप्समध्ये अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉईडही असतं. स्टेरॉईडनं लाली आणि दुखणं दोन्ही उतरतं, माणसाला बरं वाटतं, आणि त्या दोन-तीन दिवसांत बुरशी किंवा अमीबा आतपर्यंत जातो. डोळ्यावर पट्टी बांधू नये, मिटलेल्या डोळ्यात ऊब वाढते. आणि दुसऱ्या डोळ्यातली चांगली लेन्सही काढावी.

दवाखान्यात जाताना लेन्स आणि डबी आतल्या सोल्युशनसकट बरोबर न्यावी. ती धुवायची नाही, फेकायची नाही. डॉक्टर बधिर करणारा थेंब घालून कॉर्नियावरच्या जखमेचा थोडा नमुना खरवडून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, शिवाय तो वाढवायला ठेवतात. डोळ्यातून घेतलेला नमुना कधीकधी इतका थोडा असतो की त्यात काही उगवत नाही, पण तिची डबी मात्र तोच जंतू भरभरून दाखवते. निदान हाती यायच्या आतच अँटिबायोटिकचे थेंब चालू होतात, सुरुवातीला दर तासाला, रात्रीही. घरच्यांनी गजर लावून ते घालायचे असतात. जिवाणूंचा संसर्ग वेळेवर गाठला तर काही आठवड्यांत उतरतो. बुरशीला नाटामायसिनचे थेंब लागतात आणि वेळ जास्त. अकँथअमीबाला तर महिनोन्महिने औषध चालतं, कारण कवचातला जीव मरायला तयार नसतो.

लेन्स वापरणाऱ्या पुष्कळांच्या घरी चष्मा असतो, पण तो तीन-चार वर्षांपूर्वीच्या नंबरचा, काडी निखळलेला. त्यामुळे डोळा खुपत असला तरी सोमवारी ऑफिसला दिसायला हवं म्हणून लेन्स परत घातली जाते. लेन्सच्या नव्या खोक्याबरोबर सध्याच्या नंबरचा एक साधा चष्मा करून घेतला की डोळा दुखला त्या दिवशी लेन्स काढून ठेवणं जमतं. संसर्ग बरा झाल्यावरही डॉक्टरांनी कॉर्निया तपासून परवानगी दिल्याशिवाय, आणि जुनी डबी, जुन्या लेन्स, अर्धी बाटली हे सगळं टाकून दिल्याशिवाय, लेन्स परत घालता येत नाहीत.